एका खांबावरचे दोन अर्ज

दक्षिण नागपुरातील आमच्या लेआउटच्या कोपऱ्यावर विजेचा एक लोखंडी खांब आहे. त्यावरचा पथदिवा यंदा मे महिन्याच्या अखेरीस बंद पडला. त्याच सुमारास, त्या खांबावरून रस्ता तिरका ओलांडून समोरच्या खांबाकडे जाणाऱ्या तारा इतक्या खाली आल्या की पाण्याचा टँकर वळणावर आला की क्लीनर आधी खाली उतरायचा, मान वर करून तारांकडे पाहायचा आणि मग चालकाला हाताने खूण करायचा. रात्री दिवा नसल्यामुळे त्याला ताराही दिसत नसत, म्हणून टँकर रात्री येईनासा झाला. आम्ही चौतीस रहिवाशांच्या सह्यांचा एक अर्ज वीज वितरण कार्यालयात दिला. विषय असा लिहिला होता: ‘पथदिवा बंद असल्याबाबत व तारा खाली आल्याबाबत’. मजकूर चार ओळींचा होता आणि शेवटी, सगळेच लिहितात तसे, ‘तरी त्वरित कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती’ असे होते.

एकोणीस दिवसांनी उत्तर आले. ‘पथदिव्यांची देखभाल या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपण संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा.’ तारांविषयी त्यात एकही शब्द नव्हता. उत्तर खोटे नव्हते, अपुरे होते. लेआउटमधील मंडळी संतापली, पण मला फारसा राग आला नाही, थोडी लाज मात्र वाटली. कारण मी एकतीस वर्षे एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली आहेत आणि हा अर्ज असाच मरणार, हे खरे म्हणजे मला सही करतानाच कळायला हवे होते.

आवक नोंदवहीत ‘विषय’ हा रकाना जेमतेम तीन बोटे रुंद असतो. दिवसाला साठ-सत्तर कागद नोंदवणारा लिपिक त्यात विषयाचे पहिले तीन-चार शब्द उतरवतो आणि पुढे जातो. आमच्या अर्जाची नोंद ‘पथदिवा बंद’ एवढीच झाली असणार. त्या दोन शब्दांवरून कागद कोणत्या टेबलावर जायचा ते ठरले, त्या टेबलाने तो आपला नाही असे पाहिले आणि तसे उत्तर दिले. उत्तर गेले की कागद निकाली निघतो. तारांचा प्रश्न कोणी नाकारला नाही, तो कोणी वाचलाच नाही. संगणक आल्यानेही यात फार फरक पडलेला नाही. तेथे रकान्याऐवजी तक्रारीचा प्रकार निवडायची यादी असते आणि एका तक्रारीला एकच प्रकार निवडता येतो.

माझे म्हणणे दोन भागांत आहे. पहिला भाग अर्ज लिहिणाऱ्यांसाठी आहे: बंद दिवा आणि लोंबणारी तार एकाच खांबावर असली तरी त्यांचे अर्ज दोन असावेत, आणि तारेच्या अर्जात ‘खूप खाली’ असे न लिहिता मीटरमध्ये आकडा लिहावा. दुसरा भाग अर्ज घेणाऱ्यांविषयी आहे: ही युक्ती नागरिकाला ठाऊक असावी लागते, हीच मुळात व्यवस्थेची चूक आहे आणि ती दुरुस्त करण्याचा नमुना आपल्याच कायद्यांत आधीपासून आहे.

मालकीची गोष्ट आधी सांगून टाकतो. शहरात बहुतेक ठिकाणी खांब आणि तारा वितरण कंपनीच्या असतात. त्या खांबावर पुढे आलेला दांडा, त्यावरचा दिवा आणि त्याचे बिल हे महापालिकेकडे असते. खांबावर घरांना वीज देणाऱ्या तारांबरोबर पथदिव्यांसाठी एक वेगळी तार ओढलेली असते आणि दिवा त्या तारेवर जोडलेला असतो. म्हणून दिवा बंद दिसला की आधी आजूबाजूचे दिवे पाहावेत. ओळीतला एकच दिवा बंद असेल, तर दोष बहुधा त्या दिव्यात किंवा त्याच्या जोडणीत असतो आणि अर्ज महापालिकेच्या विद्युत विभागाकडे जायला हवा. सगळी ओळच काळोखात असेल, तर दोष पथदिव्यांच्या तारेत, पेटीत किंवा वेळेवर चालू-बंद करणाऱ्या टायमरमध्ये असतो आणि तेव्हा दोन्ही कार्यालयांचा संबंध येऊ शकतो. आमच्याकडे एकच दिवा बंद होता. म्हणजे तो अर्ज चुकीच्या दारात गेला होता आणि जाताना बरोबर दारात जाणाऱ्या तक्रारीलाही घेऊन बुडाला.

आता तार. तार खाली का आली, याचे उत्तर आमच्या गल्लीतले एक निवृत्त लाइनमन यांनी खांबाजवळ न जाता, समोरच्या ओट्यावर बसून दिले. आम्ही सगळे तारेकडे पाहत होतो आणि ते खांबाच्या बुडाकडे. “तार नाई लोंबली, पोल झुकला नं बाप्पा,” ते म्हणाले. फेब्रुवारीत रस्ता सिमेंटचा झाला, तेव्हा कडेची नाली काढण्यासाठी खांबाच्या अगदी बुडाशी खोदले होते. माती परत लोटली, पण ती ठोकून बसवली नाही. खांबाला मागून धरणारी ताणतार नालीच्या आड येत होती म्हणून काढली, ती परत लावलीच नाही. त्यानंतर तारांच्या ओढीने खांब पुढे कलत गेला. डोळ्यांना तो कल जेमतेम वीतभर दिसत होता.

वीतभर कलल्याने तार एवढी खाली कशी येते, हे मला पटेना. तेव्हा त्यांच्या मुलाने, जो अभियांत्रिकी शिकतो, कागदावर हिशेब मांडून दाखवला. तो येथे देतो, कारण या साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे. दोन खांबांत चाळीस मीटरचे अंतर आहे आणि तारेचा मधला झोल थंडीत साठ सेंटिमीटर आहे, असे धरा. एवढा झोल असलेली तार दोन खांबांमधल्या सरळ अंतरापेक्षा फक्त २.४ सेंटिमीटर जास्त लांब असते. नागपूरच्या उन्हाळ्यात तार थंडीतल्यापेक्षा चाळीस अंशांनी तापली, तर ती साधारण तीन सेंटिमीटरने वाढते. पण झोल तीन सेंटिमीटरने वाढत नाही, तो साठचा नव्वद होतो. आणि खांबाचे टोक पंधरा सेंटिमीटर पुढे आले, तर झोल नव्वदचा जवळजवळ एकशे पंचाहत्तर होतो. तारेचा ताण, शेजारच्या दोन खांबांमधल्या तारेची ओढ वगैरे सोडून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण प्रमाण कळायला पुरेसा आहे. लांबीतली बोटभर वाढ उंचीत हातभर होऊन उतरते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तार लोंबण्याचे कारण बहुतेक वेळा तारेत नसून खांबात असते, त्यामुळे वर चढून तार ओढून घट्ट केली तर महिनाभर बरे दिसते आणि कललेल्या खांबावरची ओढ मात्र वाढते. दोन, दिवा आणि तार या दोन तक्रारींचे मूळ एकच होते. खांब कलला तेव्हा दांड्यावरच्या दिव्याची जोडणी ताणली गेली आणि मेच्या अखेरच्या वादळात सुटली. पथदिवे पाहणाऱ्या कार्यालयाचा माणूस एकदा आला होता, पण कललेल्या खांबाला शिडी लावायला त्याने नकार दिला आणि तो नकार योग्यच होता. तेव्हा दिव्यासाठीही आधी खांब सरळ होणे भाग होते. दोन अर्ज लिहावेत असे मी म्हणतो ते दोष दोन आहेत म्हणून नव्हे, कार्यालये दोन आहेत म्हणून.

तिसरे कारण खालून आले होते. सिमेंटचा रस्ता जुन्या डांबरी रस्त्यापेक्षा पंचवीस सेंटिमीटर उंच झाला आहे. नागपुरात सिमेंटच्या रस्त्यांमुळे घरांची जोती रस्त्याखाली गेली, पावसाचे पाणी अंगणात येऊ लागले, याची चर्चा गेली काही वर्षे होते आहे आणि ती रास्त आहे. पण रस्ता वर आला की तार तेवढीच खाली येते, हे त्या चर्चेत मी कधी ऐकले नाही. पाणी दिसते, उंचीतली घट दिसत नाही.

किती उंची हवी, हे कायद्याने ठरवलेले आहे आणि ते आकडे नवे नाहीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांप्रमाणे ६५० व्होल्टपर्यंतची, म्हणजे घरांना वीज देणारी, उघडी तार रस्ता ओलांडत असेल तर तिचा सर्वांत खालचा बिंदू जमिनीपासून किमान ५.८ मीटर वर हवा आणि ती रस्त्याच्या कडेने जात असेल तर ५.५ मीटर. ६५० व्होल्टच्या वर ३३ केव्हीपर्यंतच्या तारेसाठी हेच आकडे ६.१ आणि ५.८ आहेत. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही हीच अंतरे होती. नियम ‘सर्वांत खालच्या तारे’विषयी बोलतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. खालची तार न्यूट्रल आहे, तिच्यात करंट नसतो, असे उत्तर काउंटरवर कधी कधी मिळते. नियमात अशी सवलत नाही. शिवाय न्यूट्रल कोठे तुटली की तिचा पुढचा भाग जिवंत होऊ शकतो.

आकडा मोजायचा कसा, हा प्रश्न आल्यावर लोकांच्या मनात पहिल्यांदा बांबू येतो. बांबू, शिडी, लोखंडी पट्टी, सेल्फी स्टिक, यांपैकी काहीही तारेच्या दिशेने वर जाता कामा नये. ओला बांबूही वीज वाहतो आणि गणपतीच्या मिरवणुकीत तार उचलायला लोक नेमका तोच वापरतात. आम्ही मोजले ते कागदाच्या घडीने. चौरस कागद कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरका दुमडला की पंचेचाळीस अंशांचा कोन मिळतो. तारेच्या सर्वांत खालच्या भागाच्या बरोबर खाली रस्त्यावर खडूने खूण केली. मग तारेच्या दिशेला काटकोनात मागे मागे सरकत, कागदाची एक कड आडवी धरून तिरक्या कडेतून पाहिले आणि ज्या जागी तार त्या कडेच्या रेषेत आली, तेथे थांबलो. जागेपासून खुणेपर्यंतचे अंतर जमिनीवर टेप टाकून मोजले. ते ३.३ मीटर भरले. त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची, १.५५ मीटर, मिळवली. तार ४.८५ मीटरवर होती. दुपारी एक वाजता तिघांनी वेगवेगळे मोजले आणि तिघांच्या आकड्यांत दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला नाही. कमी पडणारी उंची जवळजवळ एक मीटर होती, त्यामुळे एवढ्या चुकीने निष्कर्ष बदलत नव्हता. तो पाच-सात सेंटिमीटरचाच प्रश्न असता, तर मी आकडा लिहिला नसता, फक्त मोजणीची मागणी केली असती.

मग दुसरा अर्ज लिहिला. त्याचा मुख्य मजकूर असा होता:

‘विषय: रस्ता ओलांडणारी लघुदाब तार विहित उंचीपेक्षा सुमारे ०.९५ मीटर खाली असल्याबाबत, खांब कललेला असल्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सोबतच्या छायाचित्रात दिसणाऱ्या व त्यावरील क्रमांकाने ओळखता येणाऱ्या खांबापासून समोरील खांबाकडे जाणारी तार रस्त्यापासून सुमारे ४.८५ मीटर उंचीवर आहे. दिनांक २६ जून रोजी दुपारी १ वाजता दूरवरून, तारेस स्पर्श न करता, हे मोजमाप घेतले आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार ही उंची किमान ५.८ मीटर असणे आवश्यक आहे. खांबाची ताणतार काढलेली असून खांब रस्त्याच्या दिशेने कललेला आहे. या रस्त्यावरून पाण्याचे टँकर व शाळेच्या बसगाड्या जातात. आपल्या कार्यालयाने उंचीचे मोजमाप घेऊन ते आम्हांस लेखी कळवावे, खांब सरळ करून ताणतार बसवावी आणि तोपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उंचीचा इशारा देणारा फलक लावावा. बंद पथदिव्याबाबत संबंधित कार्यालयास स्वतंत्र अर्ज दिला आहे.’

अर्ज उपविभागाच्या प्रमुखांना दिला आणि ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना व राज्य शासनाच्या विद्युत निरीक्षकांना पाठवली. विद्युत निरीक्षक हे पद विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६२ खालचे आहे आणि ते वितरण कंपनीचे नोकर नसतात. हे पुष्कळांना ठाऊक नसते. कंपनीच्या टेबलांवर मात्र ते पक्के ठाऊक असते. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख असलेला शिक्का आपल्या प्रतीवर उमटला की नाही ते पाहावे, एवढेच येथे सांगतो. पोचेशिवायचा अर्ज म्हणजे बोललेला शब्द.

या मजकुरात दयायाचना नाही आणि धमकीही नाही. पहिल्या अर्जात आम्ही तार ‘अत्यंत धोकादायक’ असल्याचे म्हटले होते. त्या टेबलावर येणारा प्रत्येक अर्ज अत्यंत धोकादायक असतो. घरासमोरच्या झाडाची फांदी तारेला लागते तेही अत्यंत धोकादायक आणि शेजाऱ्याने सर्व्हिस वायर आपल्या गच्चीवरून नेली तेही अत्यंत धोकादायक. विशेषणांनी भरलेल्या ढिगातून खरा धोका वेगळा काढणे लिपिकाला शक्य नसते. आकड्याने ते शक्य होते, कारण ४.८५ आणि ५.८ यांतील वजाबाकी कोणालाही करता येते. आणि एकदा ती कागदावर आली की ‘पाहणी केली, धोका आढळला नाही’ असे एका ओळीत लिहून मोकळे होता येत नाही, त्याला उलट आकडा लिहावा लागतो.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतला होता. सामान्य माणसाने तारांची उंची मोजावी, अशी अपेक्षाच धोक्याची नाही का? उद्या कोणी उत्साहाच्या भरात गच्चीवरून टेप सोडेल. आक्षेप खरा आहे, म्हणूनच दुरून पाहण्याखेरीज दुसरी कोणतीही पद्धत मी सुचवत नाही आणि ज्याला तीही जमत नसेल त्याने ‘उंची मोजून लेखी कळवावी’ एवढीच मागणी करावी. मागणीचे हे वाक्य आकड्याइतकेच कामाचे आहे, कारण ते कार्यालयाला एक नेमके काम देते. ‘योग्य ती कार्यवाही’ हे काम नव्हे. योग्य काय, हे तेथे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

दुसरा आक्षेप कार्यालयाच्या बाजूचा आहे आणि तो मी तेथल्या एका सहायक अभियंत्याच्याच तोंडून ऐकला. माणसे कमी, गाड्या कमी, पावसाळ्यात रोज कोठे ना कोठे वीज गेलेली, आणि वीज गेली की फोन येतात, लोक कार्यालयावर येतात; लोंबणाऱ्या तारेतून वीज तर चालूच असते. हे म्हणणे मला प्रामाणिक वाटले. त्यातच रोगाचे निदानही आहे. खंडित वीज स्वतःच ओरडते. खाली आलेली तार कोणाच्याही घरचा पंखा बंद करत नाही, म्हणून ती शांतपणे ताटकळत राहते आणि जेव्हा ओरडते तेव्हा उशीर झालेला असतो.

आपला कायदाही त्याच क्षणानंतर जागा होतो. विजेने माणूस दगावला, तर विद्युत अधिनियमाच्या कलम १६१ खालच्या नियमांप्रमाणे २४ तासांच्या आत विद्युत निरीक्षकांना खबर द्यावी लागते आणि चौकशी होते. भरपाईच्या बाबतीत तर न्यायालये कंपनीच्या सबबी सहसा ऐकत नाहीत. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश वीज मंडळाच्या एका प्रकरणात, रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलवरून जाणाऱ्या माणसाचा मृत्यू झाला असता, ती तार दुसऱ्याच कोणीतरी वीज चोरण्यासाठी ओढली होती, हा मंडळाचा बचाव मान्य केला नाही. एवढी धोकादायक वस्तू जो हाताळतो त्याची जबाबदारी निष्काळजीपणा सिद्ध होण्यावर अवलंबून नसते, असे न्यायालयाने म्हटले. निकाल चोख आहे. पण तो मृत्यूनंतरचा आहे. मृत्यूच्या आधी, चौतीस माणसांनी सह्या करून तार खाली आली आहे असे सांगितले, तेव्हा आमच्या पोचेवर २४ तासही लिहिलेले नव्हते आणि २४ दिवसही.

आणि येथेच मला माहितीच्या अधिकाराचा कायदा आठवतो. २००५ च्या त्या अधिनियमात कलम ६ चे तिसरे पोटकलम असे आहे की, मागितलेली माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज घेणाऱ्या कार्यालयाने तो पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवावा आणि अर्जदाराला तसे कळवावे. ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून अर्ज परत करायची सोय तेथे ठेवलेलीच नाही. मी नोकरीत असताना हे काम स्वतः केले आहे. एक छापील पत्र, दोन प्रती, जावक क्रमांक, एवढाच खटाटोप असतो. म्हणजे दिव्याचे बिल कोणी भरले, हे मी विचारले असते, तर माझा कागद आपोआप योग्य दारात गेला असता. दिवा बंद आहे आणि वरून तार लोंबते आहे, असे सांगितल्यावर मात्र दार शोधणे माझ्याकडे आले. माहितीला जो मान दिला, तो धोक्याच्या सूचनेलाही द्यावा, यासाठी नवे खाते, नवा निधी किंवा नवे भरतीचे पद लागत नाही.

तारा भूमिगत करा म्हणजे प्रश्नच मिटेल, असे दर सभेत कोणीतरी म्हणतो. होईल तेव्हा होईल. खांब आज कललेला आहे.

आता पुढे काय झाले ते सांगतो. दुसरा अर्ज दिल्यावर चौथ्या दिवशी अभियंता दोन माणसांसह आला. त्याच्याकडे विद्युतरोधक मापनदांडी होती. त्याचा आकडा ४.९ मीटर आला, आमच्यापेक्षा पाच सेंटिमीटर जास्त, आणि तो त्याने पाहणीच्या कागदावर आमच्यासमोर लिहिला. आठवड्याने सकाळी दीड तास वीज बंद ठेवून खांब ओढून सरळ केला, बुडाशी सिमेंट-गिट्टीचा पाया भरला आणि नालीच्या पलीकडे जागा काढून ताणतार बसवली. काम चांगले झाले, हे मान्य केले पाहिजे. पथदिवे पाहणाऱ्या कार्यालयाला आम्ही पहिल्या अर्जाच्या उत्तराची प्रत जोडून वेगळा अर्ज दिला होता. खांब सरळ झाल्याच्या तिसऱ्या संध्याकाळी त्यांच्या माणसाने शिडी लावली, सुटलेली जोडणी बांधली आणि दिवा लागला. नवा दिवा बसवावाच लागला नाही.

पण खांब सरळ केल्यावर पुन्हा मोजले तेव्हा तार ५.७ मीटरवर होती. खांबाचे गेले ते परत मिळाले, रस्त्याने घेतलेले पंचवीस सेंटिमीटर मात्र मिळाले नाहीत. जुन्या रस्त्यावर हीच तार नियमात बसत होती. आता दहा सेंटिमीटर कमी आहेत आणि त्यासाठी एक तर खांबावरचे ब्रॅकेट वर सरकवायला हवे किंवा उंच खांब हवा. वितरण कार्यालय म्हणते की रस्ता आम्ही वाढवला नाही, त्यामुळे खर्च रस्ता करणाऱ्याने द्यावा. रस्ता करणारे म्हणतात की निविदेत तारांचा उल्लेख नव्हता. दोघांचेही म्हणणे कागदावर बरोबर आहे आणि दोष नेमका त्या निविदेत आहे. रस्त्याची पातळी वाढवणाऱ्या प्रत्येक कामात रस्ता ओलांडणाऱ्या तारांची उंची कामाआधी आणि कामानंतर मोजून नोंदवावी आणि ती विहित उंचीखाली जात असेल तर तार वर घेण्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा, ही अट घातल्याशिवाय हा वाद प्रत्येक कोपऱ्यावर नव्याने होत राहील. नाली, चेंबर, झाड यांचा खर्च अंदाजपत्रकात धरला जातोच. तारेचाही धरता येईल, ती डोक्यावर असली म्हणून हिशेबाबाहेर राहण्याचे कारण नाही.

तिसरा अर्ज त्या दहा सेंटिमीटरसाठी आहे. तो दोन्ही कार्यालयांना वेगवेगळा दिला आहे, दोन्हींत संयुक्त पाहणीची मागणी केली आहे आणि दोन्हींच्या पोचा माझ्या फाइलमध्ये आहेत. उत्तर यायचे आहे. दरम्यान आमच्या मंडळाच्या मुलांनी परवा गणपतीच्या मूर्तीची मागणी नोंदवायला जाण्याआधी गाडा अंगणात काढून त्याची उंची टेपने मोजली, त्यात मूर्तीची उंची मिळवली, वर बसणाऱ्या मुलाचा हात धरला आणि मूर्ती दीड फुटाने कमी सांगितली.